टीव्ही समोर, पण फोनला दिसेना

टीव्ही भिंतीवर आहे, फोन हातात आहे आणि दोघांनाही इंटरनेट मिळते आहे. यूट्यूब उघडले की नेहमी दिसणारे कास्टचे चिन्ह मात्र गायब. वायफाय बंद-चालू केले, टीव्हीचा प्लग काढून घातला, ॲप नव्याने टाकले, तरी फरक पडत नाही. घरात नवा, चांगला राउटर आला आणि त्यावर कोणीतरी हौसेने दोन-तीन वेगवेगळी नेटवर्क करून ठेवली, की त्या संध्याकाळपासून ही तक्रार सुरू होते. यात कुठलेही उपकरण बिघडलेले नसते. सगळी यंत्रणा तिच्या नियमाप्रमाणेच वागत असते आणि तो नियम काय आहे हे कळले की दुरुस्ती साधारण तासाभराची आहे.

नेटवर्क वेगळी करण्यामागे चांगले कारण असते. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर ‘डिन’ या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. घरातला स्वस्त कॅमेरा किंवा स्मार्ट बल्ब कधी अपडेट होईल याची खात्री नसते. त्यामुळे तो बँकेचे व्यवहार करणाऱ्या लॅपटॉपच्या शेजारी नको, हा विचार योग्यच आहे. मग घरच्या माणसांचे फोन आणि लॅपटॉप एका सबनेटमध्ये जातात, टीव्ही, कॅमेरे आणि बल्ब दुसऱ्यात, पाहुणे तिसऱ्यात. सबनेट म्हणजे एकाच पट्ट्यातले पत्ते वापरणारा आणि राउटर मध्ये न घेता एकमेकांशी थेट बोलू शकणारा गट. दोन सबनेटमध्ये काही जायचे-यायचे असेल तर ते राउटरमार्फतच.

आता फोन टीव्हीला शोधतो कसा ते पाहू. फोनला टीव्हीचा पत्ता माहीत नसतो आणि घरात तशी यादी ठेवणारा कोणी नसतो. म्हणून फोन सगळ्यांना मिळून एक प्रश्न विचारतो: इथे कास्ट घेणारे कोणी आहे का? या पद्धतीला मल्टिकास्ट डीएनएस, थोडक्यात एमडीएनएस म्हणतात. ॲपलने २००२ मध्ये मॅकसाठी ती ‘राँदेव्हू’ या नावाने आणली, २००५ मध्ये तिचे ‘बाँजूर’ झाले आणि ॲपलच्याच स्टुअर्ट चेशायर आणि मार्क क्रॉकमल यांनी लिहिलेले तिचे प्रमाण २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ म्हणून प्रसिद्ध झाले. आज क्रोमकास्ट, एअरप्ले आणि वायफायवरचे बहुतेक प्रिंटर याच पद्धतीने सापडतात.

हा प्रश्न `224.0.0.251` या पत्त्यावर, यूडीपीच्या 5353 क्रमांकाच्या पोर्टवर जातो. सगळी मेख या पत्त्यात आहे. `224.0.0.0` पासून `224.0.0.255` पर्यंतचा पट्टा एकाच जोडणीपुरता राखून ठेवलेला आहे. राउटरने या पट्ट्यातले पॅकेट दुसऱ्या बाजूला पाठवायचे नाही, पॅकेटवरची आयुर्मर्यादा कितीही मोठी असली तरी. वाड्याच्या चौकात मारलेली हाक त्या वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाते, पण दिंडीदरवाज्याबाहेर जात नाही, तसेच हे आहे. म्हणून राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग किंवा आयजीएमपी प्रॉक्सी सुरू करून काही लोक तासन्‌तास खटपट करतात, ती वाया जाते. या सोयी इतर मल्टिकास्ट पट्ट्यांसाठी आहेत. हा पट्टा त्यांच्याही हद्दीबाहेरचा आहे.

मग उपाय उरतो तो हाक पुन्हा मारण्याचा. दोन्ही वाड्यांच्या सामाईक दारात एक माणूस उभा केला आणि एकीकडे ऐकलेली हाक दुसरीकडे जशीच्या तशी द्यायला सांगितले, तर काम होते. राउटरचा पाय दोन्ही सबनेटमध्ये असल्याने हा माणूस राउटरवरच बसवतात. त्याला एमडीएनएस रिफ्लेक्टर किंवा रिपीटर म्हणतात. तो पॅकेट पुढे ढकलत नाही, त्यातला मजकूर घेऊन दुसऱ्या बाजूला स्वतःच्या पत्त्यावरून नवे पॅकेट सोडतो. हा फरक महत्त्वाचा आहे. मल्टिकास्टने नव्हे तर थेट आपल्याच पत्त्यावर आलेले उत्तर सबनेटबाहेरच्या पत्त्यावरून निघालेले असेल तर फेकून द्यावे, असे एमडीएनएसचे प्रमाणच सांगते. रिफ्लेक्टरचे पॅकेट त्या-त्या सबनेटमधल्या राउटरच्या पत्त्यावरून निघत असल्याने ते या चाळणीतून पार होते.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आहे. घरच्या नेटवर्कचे नाव `lan`, पत्ते `192.168.10.x`, राउटरवरची जोडणी `br-lan`. उपकरणांचे नेटवर्क `iot`, पत्ते `192.168.20.x`, जोडणी `br-iot`. फोन आहे `192.168.10.42` वर आणि टीव्हीला लावलेले क्रोमकास्ट `192.168.20.15` वर. फायरवॉलमध्ये `lan` कडून `iot` कडे जायला परवानगी आहे, उलट बाजूने नाही.

काही बदलण्याआधी प्रश्न कुठे अडतो ते डोळ्यांनी पाहावे. राउटरवर `tcpdump` टाकून घरच्या बाजूला कान लावला:

```
tcpdump -ni br-lan udp port 5353
```

फोनवर यूट्यूब उघडले की लगेच अशी ओळ येते:

```
192.168.10.42.5353 > 224.0.0.251.5353: 0 PTR (QM)? _googlecast._tcp.local. (40)
```

फोन विचारतो आहे, हे सिद्ध झाले. आता त्याच आज्ञेत `br-lan` च्या जागी `br-iot` घालून पाहिले, तर हा प्रश्न तिथे दिसतच नाही. क्रोमकास्ट अधूनमधून स्वतःची घोषणा करते ती दिसेल, पण फोनची हाक त्या बाजूला पोहोचलेलीच नाही. दोष टीव्हीचाही नाही आणि फोनचाही नाही, हे या दोन पडताळण्यांतून कळते. याउलट `br-lan` वर सुद्धा प्रश्न दिसला नाही, तर रिफ्लेक्टरच्या नादी लागण्याआधी फोन तपासावा. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्क पाहण्याची वेगळी परवानगी लागते. घाईत ‘नको’ दाबलेले असते आणि ते नंतर आठवत नाही. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तेही आधी बंद करून पाहावे.

ओपनडब्ल्यूआरटीवर रिफ्लेक्टरचे काम आवाही हा प्रोग्राम करतो. `avahi-nodbus-daemon` हे पॅकेज टाकायचे आणि `/etc/avahi/avahi-daemon.conf` या फाइलमध्ये पुढच्या ओळी आपल्या जोडण्यांप्रमाणे करायच्या. बाकीच्या ओळी आहेत तशाच राहू द्यायच्या.

```
[server]
use-ipv4=yes
use-ipv6=no
allow-interfaces=br-lan,br-iot

[reflector]
enable-reflector=yes
reflect-ipv=no
```

यातली `allow-interfaces` ही ओळ सोडू नये. ती नसेल तर आवाही सापडेल त्या जोडणीवर बोलू लागतो, त्यात इंटरनेट कंपनीकडे जाणारी बाजूही येऊ शकते. घरातल्या उपकरणांची नावे तिकडे ओरडून सांगण्याचे काहीच कारण नाही.

एवढे करूनही अनेकांचे चिन्ह उगवत नाही. कारण `iot` सारख्या कमी विश्वासाच्या विभागातून खुद्द राउटरकडे येणारी पॅकेटे फायरवॉल नाकारत असते. क्रोमकास्टचे उत्तर राउटरच्या दारापर्यंत येते आणि आवाहीच्या कानावर पडण्याआधीच टाकून दिले जाते. फसवणारी गोष्ट अशी की `tcpdump` मध्ये ते उत्तर दिसते, कारण `tcpdump` फायरवॉलच्या आधी पाहतो. `br-iot` वर उत्तर आहे आणि `br-lan` वर नाही, असे दिसले की जागा हीच समजावी. `/etc/config/firewall` मध्ये हा नियम घालायचा:

```
config rule
	option name 'Allow-mDNS-iot'
	option src 'iot'
	option proto 'udp'
	option dest_port '5353'
	option target 'ACCEPT'
```

मग फायरवॉल आणि आवाही दोन्ही पुन्हा सुरू करायचे. आता `br-iot` वर पाहिले तर तोच प्रश्न दिसतो, पण विचारणारा बदललेला असतो. `192.168.10.42` च्या जागी राउटरचा त्या बाजूचा पत्ता, म्हणजे `192.168.20.1`. रिफ्लेक्टर चालू झाल्याची ही खूण आहे. फोनवर चिन्ह आले नाही तर एकदा वायफाय बंद करून चालू करावे. एमडीएनएसची उत्तरे उपकरणे काही काळ साठवून ठेवतात. पत्त्यांसाठी प्रमाणाने सुचवलेली मुदत १२० सेकंद आहे आणि इतर बऱ्याच नोंदींसाठी ७५ मिनिटे. म्हणून बदल केल्या-केल्या दिसणाऱ्या चित्रावर, ते चांगले असो वा वाईट, लगेच विश्वास ठेवू नये.

चिन्ह दिसले. आता ते दाबल्यावर काय होते हा पुढचा प्रश्न आहे आणि इथेच रिफ्लेक्टरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. क्रोमकास्टच्या उत्तरात चार गोष्टी असतात: त्याचे नेटवर्कमधले नाव, कुठल्या यंत्रावर आणि कुठल्या पोर्टवर बोलायचे ते, त्या यंत्राचा पत्ता, आणि ‘हॉलचा टीव्ही’ असे आपण दिलेले नाव व मॉडेल सांगणारा थोडा मजकूर. रिफ्लेक्टर हे सगळे जसेच्या तसे देतो. म्हणजे फोनला कळलेला पत्ता राउटरचा नसून `192.168.20.15` हाच असतो आणि पोर्ट 8009. फोन त्यापुढे थेट त्या पत्त्यावर टीसीपीची जोडणी मागतो. ती साधी जोडणी असते, राउटर ती नेहमीसारखी पलीकडे नेऊ शकतो, पण फायरवॉलची परवानगी असेल तरच. ओळख करून देणे एवढेच रिफ्लेक्टरचे काम. पुढच्या बोलण्यात तो नसतो.

आपल्या नमुन्याच्या घरात `lan` कडून `iot` कडे वाट मोकळी आहे, त्यामुळे जोडणी होते. ती नसेल तर टीव्हीचे नाव यादीत दिसते, त्यावर बोट ठेवले की चक्र फिरत राहते आणि शेवटी जोडता आले नाही असा निरोप येतो. नाव दिसत नसेल तर दोष शोधाचा, नाव दिसून जोडणी होत नसेल तर दोष फायरवॉलचा. एवढा एक भेद पक्का केला तरी निम्मी रात्र वाचते. टीव्हीची उत्तरे परत येण्यासाठी उलट बाजूचे दार उघडावे लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. फोनने सुरू केलेल्या जोडणीची उत्तरे राउटर ओळखतो आणि येऊ देतो. ‘कास्ट चालत नाही’ म्हणून वैतागून `iot` कडून `lan` कडची वाट सरसकट उघडणारे लोक नेटवर्क वेगळे करण्याचा सगळा फायदा एका ओळीत घालवून बसतात.

यूट्यूबचा व्हिडिओ फोनमधून टीव्हीकडे वाहत नाही, म्हणून हे इतक्यात भागते. फोन फक्त कोणता व्हिडिओ लावायचा ते सांगतो, टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून आणतो. पण फोनमध्येच साठवलेला लग्नाचा व्हिडिओ एखाद्या ॲपमधून कास्ट करायचा असेल तर चित्र उलटे होते. फोन तात्पुरता सर्व्हर बनतो आणि टीव्ही त्याच्याकडे फाइल मागायला येतो. ही जोडणी `iot` कडून `lan` कडे जाणारी, टीव्हीने नव्याने सुरू केलेली असते, त्यामुळे फायरवॉल ती अडवते. यूट्यूब चालते, आपले फोटो आणि व्हिडिओ मात्र चालत नाहीत, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. तिथे ते ॲप वापरत असलेल्या पोर्टपुरता, त्या एका टीव्हीच्या पत्त्यापुरता नियम लिहिणे किंवा तेवढ्या वेळेपुरता फोन टीव्हीच्या वायफायवर नेणे, हे दोनच मार्ग आहेत. दुसरा सोपा आहे आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीसाठी तो पुरेसा आहे.

एमडीएनएस रिफ्लेक्टर बसवूनही एका ॲपमध्ये चिन्ह दिसते आणि दुसऱ्यात नाही, असेही होते. शोधाची एसएसडीपी नावाची आणखी एक पद्धत आहे. तिचा पत्ता `239.255.255.250` आणि पोर्ट 1900. डीएलएनएचे मीडिया सर्व्हर आणि टीव्हीमध्येच असलेल्या काही ॲपची डायल ही पद्धत तिच्यावर चालते. २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या क्रोमकास्टचा शोधही सुरुवातीला असाच होत असे. एमडीएनएसचा रिफ्लेक्टर या हाकेकडे लक्ष देत नाही, त्याच्यासाठी वेगळा रिले लागतो. यूट्यूबपुरती एक सुटका आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमधून मिळणारा कोड फोनमध्ये घातला की दोघांची गाठ इंटरनेटवर पडते आणि सबनेटचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडच्या अनेक घरांत दुसरे सबनेट कोणी मुद्दाम केलेलेच नसते. फायबरची जोडणी देणाऱ्या कंपनीचे वायफायवाले यंत्र आधी बसते, आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून मागून बाजारातला राउटर येतो आणि त्याला केबल जोडली जाते. टीव्ही पहिल्यावर राहतो, फोन दुसऱ्यावर जातात. दुसरा राउटर आपल्या मागे नवे सबनेट तयार करतो आणि बाहेरून आत येणारे सगळे अडवतो. इथे रिफ्लेक्टर हा चुकीचा उपाय आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडावा, म्हणजे घर पुन्हा एकच सबनेट होते. ओळखायचे कसे? फोनच्या आणि टीव्हीच्या नेटवर्क माहितीत पत्ता पाहावा. घरगुती मांडणीत पहिले तीन आकडे सारखे असतील तर सहसा सबनेट एकच. तरीही टीव्ही दिसत नसेल, तर वायफायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून तोडणारे ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू आहे का ते तपासावे.

ओपनडब्ल्यूआरटी हा अर्थातच एकमेव मार्ग नाही. युबिक्विटीच्या एजराउटरवर ज्या-ज्या जोडणीवर हाक पोहोचवायची, तिच्यासाठी एकेक ओळ लिहिली की झाले:

```
set service mdns repeater interface eth1
set service mdns repeater interface eth1.20
```

पीएफसेन्सवर आवाहीचेच पॅकेज आहे. मायक्रोटिकच्या राउटरओएसमध्ये ही सोय २०२४ मधल्या ७.१६ आवृत्तीपासून `mdns-repeat-ifaces` या नावाने मिळते, त्याआधी मायक्रोटिकवाल्यांना त्यासाठी वेगळी खटपट करावी लागे.

एका घरात रिफ्लेक्टर मात्र एकच हवा. राउटरवर एक आणि रास्पबेरी पायवर हौसेने लावलेला दुसरा, दोघेही त्याच दोन सबनेटमध्ये, असे झाले तर एकाने दिलेली हाक दुसरा परत फिरवतो आणि पहिला पुन्हा उचलतो. कितव्यांदा ती फिरली हे मोजण्याची सोय एमडीएनएसमध्ये नाही. `tcpdump` चालू केल्यावर तीच ओळ पडद्यावर वाचता येणार नाही इतक्या वेगाने धावू लागते. वायफायवर मल्टिकास्ट पॅकेटे सहसा सर्वांत कमी वेगाने पाठवली जातात, म्हणून थोडी पॅकेटेही हवेतला बराच वेळ खातात आणि घरभर इंटरनेट मंदावल्यासारखे वाटते. आणखी एक खूण आहे. स्वतःच्याच नावाची हाक उलट ऐकू आली की यंत्राला वाटते, हे नाव दुसऱ्या कोणी घेतले आहे. मग मॅकच्या नावापुढे कंसात २ येतो, काही दिवसांनी ३. नावे अशी वाढू लागली की घरात दोन रिफ्लेक्टर शोधावेत.

घराबाहेर ही पद्धत लवकर दमते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या वायफाय व्यवस्थापकांनी एज्युकॉज या संस्थेच्या गटातून ॲपलला उद्देशून मागणीपत्र काढले. विद्यार्थ्यांना वसतिगृहात ॲपल टीव्ही वापरायचा होता, प्राध्यापकांना वर्गातल्या पडद्यावर आयपॅड दाखवायचा होता आणि विद्यापीठाचे नेटवर्क शेकडो सबनेटमध्ये विभागलेले होते. सगळीकडे रिफ्लेक्टर लावला तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनवर संपूर्ण आवारातल्या पडद्यांची यादी येणार आणि हवा या हाकांनीच भरून जाणार. या अडचणीतून इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये वेगळा कार्यगट उभा राहिला आणि २०२० मध्ये आरएफसी ८७६६ आले. त्यातला ‘डिस्कव्हरी प्रॉक्सी’ हाक सगळीकडे पुन्हा देत बसत नाही. कोणी विचारले तरच तो संबंधित सबनेटमध्ये चौकशी करतो आणि उत्तर विचारणाऱ्याला साध्या डीएनएसने कळवतो. घरगुती राउटरवर मात्र आजही रिफ्लेक्टरच सहज मिळतो.

घरातही त्याला मर्यादा घालता येते आणि पाहुण्यांचे नेटवर्क त्यात जोडायचे असेल तर ती घालावीच. आवाहीचा रिफ्लेक्टर `allow-interfaces` मध्ये लिहिलेल्या सगळ्या जोडण्यांना एकमेकांत मिसळतो, अमक्याचे तमक्याला आणि एवढेच, असा भेद तो करत नाही. पाहुण्यांची जोडणी त्या ओळीत आली की त्यांच्या फोनला घरातल्या प्रिंटरचे नाव दिसेल, माणसाच्या नावाचा लॅपटॉप दिसेल आणि त्यांची यंत्रे घरच्यांना दिसतील. शिवाय एमडीएनएसमध्ये उत्तर देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नाही, ‘हॉलचा टीव्ही मीच’ असे कोणतेही यंत्र म्हणू शकते. आवाहीच्या ०.८ आवृत्तीपासून `[reflector]` विभागात कोणत्या सेवांच्या हाका पुढे द्यायच्या ते सांगता येते:

```
reflect-filters=_googlecast._tcp.local,_airplay._tcp.local,_raop._tcp.local
```

या ओळीनंतर कास्ट आणि एअरप्लेच्या हाका पलीकडे जातात, प्रिंटर आणि लॅपटॉप आपापल्या सबनेटमध्येच राहतात. पाहुण्यांच्या विभागातून क्रोमकास्टच्या एका पत्त्याकडे, टीसीपीच्या 8008 आणि 8009 या दोन पोर्टपुरती वाट फायरवॉलमध्ये द्यावी. पाहुण्याला टीव्हीवर गाणे लावता येते आणि कॅमेऱ्यांकडे जाणारी वाट बंदच राहते.